जॅक दाबतोय आणि ठोकळा लांबतोय

मागच्या वर्षी आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये तीन दिशांनी दाब देणारी नवीन फ्रेम आली, पुढे तिच्यावर खडकाचे नमुने तपासायचे होते. पण खडक कसा वागेल हे आधी कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे फ्रेम नीट चालते का हे बघायला आधी स्टीलचा ठोकळा लावायचं ठरलं, कारण स्टीलचं उत्तर कागदावर काढता येतं आणि मशीनच्या उत्तराशी ताडून बघता येतं. ते काम माझ्याकडे होतं. एका दिवसात संपेल असं वाटलेलं, संपलंही एका दिवसात, पण मधे दोनेक तास असे गेले की मी चुकीच्या रिपोर्टवर सही करायच्या बेतात होतो.

ठोकळा 200 मिमी लांब, 100 रुंद, 80 उंच. म्हणजे आकारमान 16 लाख घनमिलिमीटर. लांबीची दिशा x, रुंदीची y, उंचीची z. तिन्हीकडून दाबच द्यायचा होता. x दिशेला 320 किलोन्यूटन, y ला 960, z ला 1800. हे आकडे बघून x चा जॅक अगदीच हलका वाटतो पण बल बघून काही कळत नाही, बल ज्या पृष्ठावर पडतं त्याचं क्षेत्रफळ बघायला लागतं. x चं पृष्ठ 100 गुणिले 80, म्हणून ताण 40 मेगापास्कल. y चं 200 गुणिले 80, तिथे 60. z चं 200 गुणिले 100, तिथे 90. दाब म्हणून तिन्ही उणे. हे तिन्ही ताण स्टीलच्या यील्डपासून, म्हणजे आकार कायमचा बदलायला लागतो त्या मर्यादेपासून, लांब आहेत आणि घर्षण कमी करायला प्लेटांना ग्रीस लावून टेफ्लॉनची शीट घातलेली, त्यामुळे साधा हुकचा नियम लावायला हरकत नव्हती.

फक्त तो तीन दिशांचा लावायचा. एका दिशेच्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे मूळ मापाच्या मानाने झालेल्या बदलात, बाकीच्या दोन दिशांचाही वाटा असतो, कारण एकीकडून दाबलं की वस्तू दुसरीकडे फुगते आणि किती फुगते ते पॉयसन रेशो ν सांगतो. खाली σ म्हणजे ताण, ε म्हणजे स्ट्रेन आणि E म्हणजे स्टीलचा ताठरपणा सांगणारा यंग मॉड्युलस:

```
εx = (σx − ν(σy + σz)) / E
εy = (σy − ν(σz + σx)) / E
εz = (σz − ν(σx + σy)) / E
ΔV/V ≈ εx + εy + εz = (1 − 2ν)(σx + σy + σz) / E
```

E 200 गिगापास्कल आणि ν 0.3 धरला. तिन्ही ताणांची बेरीज उणे 190. त्याला 0.4 ने गुणून E ने भागलं की आकारमानाचा स्ट्रेन उणे 380 मायक्रोस्ट्रेन, म्हणजे दहा लाखात 380 भाग, येतो, म्हणून ठोकळा 608 घनमिलिमीटरने लहान व्हायला हवा. (तिन्ही स्ट्रेनची नुसती बेरीज घेतली, गुणाकाराची पदं सोडली, पण इथे त्यांचा फरक एका घनमिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढाही नाही.) मी वहीत फक्त हा शेवटचा 380 चा आकडा लिहून ठेवला. तिन्ही दिशांचे वेगळे आकडे काढले नाहीत, कारण रिपोर्टमध्ये आकारमानच मागितलेलं.

सहाही पृष्ठांवर प्लेटा टेकलेल्या असल्यावर स्ट्रेन गेज लावायचे कुठे हा प्रश्न असतोच. आमच्या प्लेटांना मधोमध एक अरुंद खाच ठेवलेली होती, त्या खाचेत गेज बसवले आणि वायरी बाहेर काढल्या. खाचेच्या जागी प्लेटचा थेट दाब पडत नाही त्यामुळे थोडी गडबड होते, पण खाच पृष्ठाच्या मानाने खूप लहान होती.

तिन्ही जॅक एकाच प्रमाणात वाढवत नेले. दादा मशीनवर, मी स्क्रीनवर. (दादा म्हणजे आमचे सीनियर टेक्निशियन, लॅबमध्ये सगळेच त्यांना दादा म्हणतात.) z चा आकडा झपझप उणे होत गेला, y पण उणे, आणि x चा आकडा अधिक. छोटासाच, पण सुरुवातीपासून अधिक, आणि लोडबरोबर वाढतोय. पूर्ण लोडला z उणे 296, y उणे 103, x अधिक 23.

दादा म्हणाले, "x ची वायर उलटी लागली असणार. जॅक दाबतोय, ठोकळा लांबतोय, असं कसं होईल?"

मला ते लगेच पटलं. गेज ज्या सर्किटला जोडतात त्या ब्रिजच्या सिग्नलच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की आकडा तोच राहतो आणि चिन्ह उलटतं, आणि नवीन सेटअपमध्ये हे सर्रास होतं. लोड काढला, दादांनी वायरी बदलल्या, परत लोड दिला. आता x उणे 23. बेरीज उणे 422.

माझ्या वहीत 380. म्हणजे 11 टक्के जास्त. हे जरा खटकलं, पण त्यावरही माझ्याकडे उत्तर तयार होतं. (1 − 2ν) हे पद फार नाजूक आहे. ν 0.3 असेल तर ते 0.40, आणि ν 0.28 असेल तर 0.44, म्हणजे पॉयसन रेशो जरासा हलला की आकारमानाचं उत्तर एकदम दहा टक्क्यांनी हलतं. स्टीलसाठी 0.28 हा काही विचित्र आकडा नाही, बऱ्याच तक्त्यांमध्ये तो असतो. 0.28 घालून बघितलं तर उत्तर उणे 418. मशीनचं उणे 422. एक टक्क्याच्या आत जुळलं. मी रिपोर्टमध्ये लिहिलंसुद्धा की या स्टीलचा ν 0.28 धरला आहे.

रिपोर्ट बघणाऱ्या मॅडमना पाठवायच्या आधी सवयीने प्रत्येक दिशेचा तक्ता भरायला घेतला, आणि तिथे हात थांबला. ν 0.28 घालून x चा स्ट्रेन काढला. स्वतःचा ताण उणे 40, आणि y आणि z मिळून उणे 150 ला 0.28 ने गुणून जे फुगणं येतं ते अधिक 42. म्हणजे निव्वळ अधिक 2, E ने भागून अधिक 10 मायक्रोस्ट्रेन. अधिक! मी ज्या ν ने बेरीज जुळवली तोच ν सांगत होता की x दिशेला ठोकळा लांबला पाहिजे. मग y आणि z पण काढले, ते यायला हवे होते उणे 118 आणि उणे 310, आमचे होते उणे 103 आणि उणे 296. म्हणजे एकही दिशा जुळत नव्हती आणि बेरीज मात्र जुळत होती.

मग 0.3 ने परत काढलं. x अधिक 25, y उणे 105, z उणे 300. आमचं पहिलं रीडिंग अधिक 23, उणे 103, उणे 296. वायरी बदलायच्या आधीचं.

हे नीट समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट हीच. x चा जॅक एकटा असता तर ठोकळा उणे 200 ने आखडला असता. पण y च्या दाबाने x दिशेला अधिक 90 फुगतो आणि z च्या दाबाने अधिक 135. दोन्ही मिळून अधिक 225. x चा जॅक त्या फुगण्याला थोपवायचा प्रयत्न करतो पण पूर्ण थोपवू शकत नाही, आणि 25 शिल्लक राहतात. जॅक खरंच दाबतोय आणि ठोकळा खरंच लांबतोय, 200 मिमीला 5 मायक्रॉन. आणि तरीही आकारमान कमीच होतंय, कारण आकारमान फक्त तीन ताणांच्या बेरजेवर ठरतं, एखाद्या दिशेचं चिन्ह काय आहे यावर नाही.

मी मॅडमना तसाच तक्ता दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि एकच विचारलं, "हे 23 तापमानाचे नाहीत कशावरून?"

प्रश्न अगदी बरोबर होता. स्टील एका अंशाला साधारण 12 मायक्रोस्ट्रेन प्रसरण पावतं, म्हणजे ठोकळा नुसता दोन अंशांनी तापला तरी 24 दिसतात. आमच्याकडे तापमानाचा परिणाम वजा करणारा डमी गेज होता, पण तो नीट काम करतोय हे गृहीत धरायचं कशाला. जुना लॉग उघडला. अर्ध्या लोडला x अधिक 12, पूर्ण लोडला 23, आणि लोड काढल्यावर परत शून्यावर, एखाद्या आकड्याच्या फरकाने. तापमान असतं तर ते लोडच्या प्रमाणात वाढलं नसतं आणि लोड काढताक्षणी गेलंही नसतं.

"ठीक," त्या म्हणाल्या, "आता वायरीचं पण लोडनेच सिद्ध करा, माझ्या किंवा तुमच्या शब्दावर नको."

मग दादा आणि मी y आणि z चे जॅक मागे घेतले आणि वायरी त्या बदललेल्या अवस्थेतच ठेवून फक्त x ला 320 किलोन्यूटन दिले. स्क्रीनवर x अधिक 198, y अधिक 59, z अधिक 59. तिन्ही अधिक. एका बाजूने दाबलेला स्टीलचा ठोकळा तिन्ही बाजूंनी मोठा होतोय, म्हणजे दाबाने आकारमान वाढतंय, हे पॉयसन रेशो काहीही धरला तरी शक्य नाही. दादांनी स्क्रीनकडे बघितलं, काही न बोलता वायरी परत मूळ जागी लावल्या आणि म्हणाले, "आता परत दे." या वेळी x उणे 198, बाकी दोन्ही तसेच 59.

याच एका चाचणीतून आम्हाला या ठोकळ्याचा स्वतःचा ν पण मिळाला, 59 भागिले 198, म्हणजे 0.298. आणि E मिळाला 202 गिगापास्कल. हे दोन्ही घालून तीन दिशांचं उत्तर परत उणे 380 च येतं. आमचं मोजलेलं उणे 376. हा चारचा फरक प्लेटांचं उरलेलं घर्षण आणि ती खाच यांच्यात कुठेतरी असणार, तो मी तसाच लिहिला, कुठलाही आकडा हलवून तो मिटवला नाही.

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये कुठलाही नमुना आला की आधी एकेका दिशेला थोडा लोड देऊन तिन्ही गेजांची चिन्हं बघतो आणि मगच तिन्ही जॅक एकत्र चालू करतो. त्या संध्याकाळी दादांनी x च्या दोन वायरींना वेगळ्या रंगाची टेप लावली, रिपोर्टच्या तक्त्यात मी x समोर 23 च्या आधी अधिकचं चिन्ह मुद्दाम ठळक केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला खडक फ्रेममध्ये चढवला.