औषध सोडण्यासाठी रजा

आमच्या ऑफिसातल्या आस्थापना शाखेचा एक प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही. डोके दुखायचे थांबले, हा प्रश्न तेवढा राहिला. "वखद बंद करपाक रजा कित्याक?" औषध घ्यायला लोक रजा घेतात, सोडायला कोण घेतो, असे त्या गृहस्थांना खरेच वाटत होते. त्यांच्यावर किती रागवावे हे मला अजून ठरवता येत नाही, कारण महिनाभर आधी मीही तेच विचारले असते.

मी फोंड्याची, नोकरी पणजीत. अर्धशिशी कॉलेजपासूनची. महिन्यातून दोन-तीनदा यायची, एक गोळी घेऊन अंधाऱ्या खोलीत पडले की उतरायची. बदली होऊन रोजचा बसचा प्रवास सुरू झाला तशी मी हुशार झाले. दुखायला लागायच्या आधीच, सकाळी बसमध्ये चढताना, अर्धी गोळी. पॅरासिटामॉल आणि कॅफिन एकत्र असलेली, फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळणारी. अर्धीच घेते म्हणून मी स्वतःला फार जपणारी समजत होते.

दोन वर्षांत चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसचा एक्स-रे झाला, एकदा स्कॅनही झाला. सगळे नॉर्मल. दुखणे मात्र रोजचे झाले होते, आणि चाल बदलली होती. पूर्वी एका बाजूला ठणकायचे, आता पहाटे उठतानाच सगळे डोके पट्ट्याने आवळल्यासारखे असायचे. गोळी घेतली की दोन-तीन तास बरे, मग पुन्हा तेच. इतक्या तपासण्यांत "महिन्यातले किती दिवस गोळी घेता?" हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. मीही आपण होऊन सांगितले नाही, कारण डोकेदुखीची गोळी म्हणजे काय औषध का!

तो प्रश्न पहिल्यांदा विचारला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या न्यूरोलॉजी ओपीडीतल्या डॉक्टरांनी. माझ्याकडे उत्तर तयार होते ते योगायोगाने. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी दुधाचा हिशेब लिहिते. चतुर्थीच्या महिन्यात माटोळीच्या सामानाची यादी करता करता मी त्याच चौकोनांत 'डो' आणि 'गो' लिहायला लागले होते, डोके दुखले तर डो, गोळी घेतली तर गो. त्या सप्टेंबरात डो आले 26 आणि गो आले 22. पानाचा फोटो दाखवल्यावर त्यांनी दुसरे फारसे काही विचारले नाही.

त्यांनी सांगितले ते असे. ज्यांना मुळात अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी आहे, त्यांनी वेदनाशामक वारंवार घेतले की मेंदूतली वेदनेची यंत्रणा अधिकच हळवी होते. गोळीचा असर ओसरला की दुखणे आधीपेक्षा लवकर परतते, म्हणून पुढची गोळी. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस डोकेदुखी आणि तीन महिन्यांहून अधिक काळ गोळ्यांचा अतिवापर, असे असेल तर गोळीच दुखण्याचे कारण झाल्याची शंका घ्यायची. साध्या पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसाठी अतिवापर म्हणजे महिन्यात पंधरा दिवस. माझ्यासारख्या मिश्र गोळ्या, अर्धशिशीची ट्रिप्टान किंवा एर्गोटामिन, आणि कोडीन-ट्रामाडोलसारखी औषधे असतील तर दहाच दिवस पुरे. मोजायचे असतात ते दिवस, गोळ्या नाहीत. एका दिवसात तीन घेतल्या तरी तो एकच दिवस. रोजची अर्धी गोळी म्हणजे महिन्याचे तीस दिवस. माझी जपणूक तिथेच निकालात निघाली.

मी सासूबाईंचा दाखला दिला. गुडघ्यांसाठी त्या रोज वेदनाशामक घेतात, त्यांचे डोके कधी दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, हा प्रकार डोकेदुखीची मूळ प्रवृत्ती असलेल्यांमध्येच दिसतो. उलट माझ्या बाबतीत कंबरेसाठी, पाळीसाठी घेतलेली गोळीही 'गो'मध्येच धरायची. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असते, तीही.

उपाय एका ओळीचा: ही गोळी एकदम बंद. जोडीला अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम रात्री, ती डोकेदुखी येऊच नये म्हणून, आलेली थांबवायला नव्हे, आणि तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. उलटीसाठी एक गोळी. चहा दोन कप, ठरलेल्या वेळी, वाढवायचा नाही. कॅफिनसुद्धा सुटणार होते ना. कोडीन-ट्रामाडोलसारखी औषधे किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र असे घरच्या घरी एकदम तोडायचे नाही, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावे लागते, हे त्यांनी दोनदा सांगितले.

आणि सांगितले की आधी दुखणे वाढेल. ट्रिप्टानवाल्यांचे साधारण चार दिवसांत सरते, एर्गोटामिनवाल्यांना आठवडा लागतो, माझ्यासारख्यांना नऊ-दहा दिवस. "दहा दिवस रजा टाका. सण नको मधे." दसरा आणि दिवाळी यांच्यामधले दिवस निवडले. नरकासुराच्या आधीच्या रात्री आमच्या वाड्यावर जो ढणढणाट असतो, त्यात हे जमलेच नसते.

आता रजेचे. डॉक्टरांनी दाखल्यावर खरे ते लिहिले: औषधांच्या अतिवापरामुळे झालेली डोकेदुखी, विथड्रॉवलसाठी दहा दिवस विश्रांती. मी अर्जाला तो जोडून निघून आले. शनिवारी गोळी बंद. ह्यांनी घरातल्या सगळ्या स्ट्रिप गोळा करून आपल्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवल्या.

पहिला दिवस बरा गेला, मला वाटले उगाच घाबरवले. रविवारी दुपारपासून सुरू झाले. उलटी, घाम, पंख्याचा आवाजही नको. तिसरा दिवस सगळ्यांत वाईट. त्या दिवशी मी शिलाईच्या डब्यात, जुन्या पर्समध्ये, देवघराच्या खणात गोळी शोधली, आणि पर्सच्या अस्तरात एक सापडली. हातात धरून बसले. सासूबाई दारात येऊन काही न बोलता उभ्या राहिल्या, म्हणून ती सिंकमध्ये गेली. एकटी असते तर पोटात गेली असती, यात मला शंका नाही. त्यामुळे पहिला सल्ला हाच: तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरात कोणीतरी मोठे माणूस असू द्या.

चौथ्या दिवशी, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पडले असताना, आस्थापना शाखेचा फोन. दाखल्यात 'विथड्रॉवल' लिहिले आहे, हे व्यसनाचे प्रकरण आहे का? असेल तर व्यसनमुक्ती केंद्राचा कागद लागेल. नसेल तर आजार कुठला? मी म्हटले डोकेदुखी. डोकेदुखीला दहा दिवस? मी म्हटले औषध बंद केले आहे म्हणून. तेव्हा ते वर लिहिलेले वाक्य आले. मी फोन ठेवला आणि उलटी केली, दोन्ही एकाच दमात. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन: कागद वरच्या साहेबांकडे गेला आहे, तुम्ही समक्ष येऊन खुलासा द्या. मी बसमध्ये बसू शकत नव्हते, आणि बसू शकले असते तर रजा कशाला हवी होती? संध्याकाळी ह्यांच्याकडे निरोप आला की खुलासा लेखी दिला तरी चालेल, पण विहित नमुन्यात. तो नमुना फक्त त्यांच्याच टेबलावर मिळतो.

गोळीच्या अभावापेक्षा या फोनांनी माझे डोके जास्त चढले, असे मला वाटले होते. कालनिर्णयवर पाहिले तर तसे काही दिसत नाही. चौथा, पाचवा दोन्ही दिवस नुसते 'डो' आहेत, तिसऱ्यापेक्षा लहान अक्षरात.

शेवटी हे बांबोळीला जाऊन नवा दाखला घेऊन आले. डॉक्टरांनी हसत लिहून दिले: जुनाट अर्धशिशी, तीव्र डोकेदुखी व उलट्या, दहा दिवस विश्रांती. हेही शंभर टक्के खरे होते. तुम्हाला रजा घ्यायची असेल तर पहिल्याच दाखल्यावर लक्षणे लिहून घ्या, 'विथड्रॉवल' हा शब्द केसपेपरवर राहू द्या.

सहाव्या रात्री सलग झोप लागली. नवव्या दिवशी सकाळी पोदेराचा भोंगा ऐकून मी उठले, पाव घेतले, सुटे पैसे मोजले, आणि चहा गाळताना लक्षात आले की डोक्याचा विचारच केला नाही.

लगेच सगळे संपले असे नाही. पूर्ण फरक कळायला दोन महिनेही लागू शकतात. माझी मूळची अर्धशिशी गेली नाही, ती जाणारही नव्हती, ती पुन्हा आपल्या जुन्या रूपात आली: एका बाजूला, ठणकणारी, सुरुवात कळणारी. नोव्हेंबरात डो 9, गो 4. डिसेंबरात डो 5, गो 3. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते आणि पहिले काही दिवस सकाळी जडपणा असतो, म्हणून ती रात्री लवकर घेते. गोळीला आता आठवड्यात जास्तीत जास्त दोन दिवसांची मुभा, आणि अर्धी नाही, पूर्ण, दुखणे सुरू होताच. भीतीपोटी आधीच घ्यायची नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. क्षणार्धात कळस गाठणारी डोकेदुखी, तापासोबत मान आखडणे, हातापायातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे, दिसणे अंधूक होणे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे, हे गोळ्यांचे म्हणून सोडून द्यायचे नसते. तिथे कालनिर्णय भरत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

सुटका झालेल्यांतले बरेच जण पहिल्या वर्षात पुन्हा घसरतात, हे डॉक्टरांनी सांगितले होते. फेब्रुवारीत तापाच्या साथीत सलग पाच दिवस माझे 'गो' पडले. सहाव्या दिवशी पहाटे तो ओळखीचा पट्टा आला तेव्हा मी पान उलटून पाहिले आणि थांबले, या वेळी चार दिवसांत निवळले, रजा न टाकता. रजा टाकायची हिंमतच नव्हती. ऑक्टोबरच्या दहा दिवसांपैकी आठ वैद्यकीय म्हणून मंजूर झाले. उरलेले दोन अर्जित रजेतून कापले गेले, आणि ते परत जमा करण्याचा माझा अर्ज, विहित नमुन्यातला, अजून वरच्या साहेबांकडे आहे.