अर्ज करण्याआधीचा फोन

रविवार, रात्र.

वेर्ण्याच्या औषध कंपनीतील गुणवत्ता नियंत्रण विभागाची जाहिरात गेला आठवडाभर डोळ्यांसमोर आहे. दोन जागा, तीन ते पाच वर्षांचा अनुभव आणि औषधातील घटक मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर हात बसलेला असावा, एवढाच मजकूर तिच्यात आहे. कुंडईतील सध्याचे काम वाईट नाही, त्यामुळे नुसत्या जाहिरातीवर अर्ज टाकण्याची मला घाई नव्हती. कॉलेजात दोन वर्षे पुढे असलेली ताई तिथेच नोकरीला आहे. तिला आज दुपारी, सुट्टीच्या दिवशी आणि तिच्या स्वतःच्या फोनवर, विचारून घेतले. कार्यालयाच्या ईमेलवर असले काही लिहून कोणालाही अडचणीत आणू नये, असे माझे मत आहे.

‘वातावरण कसे आहे?’ हा प्रश्न मी मुद्दाम टाळला, कारण त्याचे उत्तर सगळीकडे ‘बरे आहे’ असेच येते. त्याऐवजी या जागा नव्या आहेत की कोणी सोडल्यामुळे रिकाम्या झाल्या आहेत, हे विचारले. दोन्ही जागा तयार मालाच्या चाचणी विभागातील असून वर्षभरात रिकाम्या झाल्या, असे ताई म्हणाली. एक मुलगी लग्नानंतर पुण्याला गेली, तिच्याबद्दल प्रश्नच नाही. दुसरा मात्र हातात नवी नोकरी नसताना राजीनामा देऊन गेला. ज्याला घर चालवायचे असते तो सहसा असे करीत नाही, म्हणून मी तिथेच थांबले आणि पुढचा प्रश्न प्रयोगशाळेतील एका विशिष्ट प्रसंगाबद्दल विचारला.

चाचणीचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर तुमचे साहेब पहिल्यांदा काय विचारतात? आमच्या धंद्यात यावरून माणसे कळतात. असा निकाल आला की तयार केलेली द्रावणे ओतून न टाकता तशीच ठेवायची, वजनाची नोंद, विरलन, गणित आणि यंत्राची स्थिती तपासायची आणि प्रयोगशाळेतील चूक सापडते का हे आधी पाहायचे, अशी रीत आहे. कारण सापडलेले नसताना चाचणी पुनःपुन्हा करून हवा तो निकाल उचलणे नियमाला धरून नाही. औषध साठवणुकीत किती काळ टिकते हे पाहणाऱ्या स्थिरता चाचणी विभागात ताई आहे. ती म्हणाली, “आमचे साहेब पहिल्यांदा ‘द्रावणे ठेवली आहेत ना?’ असेच विचारतात. तयार मालाकडे मात्र महिनाअखेरीस माल पाठवायची घाई असते. तिथे ‘कोणी केले?’ हा पहिला प्रश्न असतो, असे ऐकले आहे.”

‘ऐकले आहे’ हे तिचे शब्द मी तसेच लिहून ठेवते. ती त्या विभागात कधी बसलेली नाही, तेव्हा तिने स्वतः पाहिलेले आणि जेवणाच्या वेळी कानावर आलेले यांत फरक करायला हवा. म्हणून त्या विभागातील कोणाशी बोलता येईल का, असे विचारले. विचारून सांगते म्हणाली. तपासणीत कोणते दोष निघाले, हे मात्र मी विचारले नाही. ते सांगणे तिला शोभले नसते आणि मला विचारणेही.

रात्रपाळीचे तिने आपणहून सांगितले. तयार मालाच्या विभागात ती आळीपाळीने येते, आणि कंपनीची बस फोंड्याहून फक्त जनरल शिफ्टला सुटते. म्हणजे बाकीच्या वेळी बोरीचा पूल ओलांडून लोटलीमार्गे स्कूटरनेच जायचे. पावसाळ्यात आई हे ऐकून घेणार नाही.

बोलणे संपता संपता, जाहिरातीत नसलेली गोष्ट निघाली. स्थिरता विभागात नमुने ठेवायची नवी चेंबर्स बसवली जात आहेत आणि तिथे एक जागा मंजूर झाली आहे, असे साहेबांनी सर्वांसमोर सांगितले आहे. ती कंपनीच्या पगारपत्रकावरची की कंत्राटी, हे ताईला ठाऊक नव्हते. उद्या विचारते म्हणाली. तिच्या शिफारशीने कोणी रुजू होऊन टिकले तर तिला थोडे पैसे मिळतात, हेही तिने न विचारता सांगितले. त्यामुळे तिच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास अधिक बसला. मात्र उमेदवाराने संकेतस्थळावर आधी स्वतः अर्ज भरला असेल तर तिथे शिफारस धरली जात नाही, म्हणून तिने मला थांबायला सांगितले आहे.

तेव्हा जाहिरातीतील दोन जागांसाठी अर्ज करायचा नाही, असे ठरवले. बायोडेटात स्थिरता चाचणीचे नमुने काढण्याचे आणि त्यांचे वेळापत्रक सांभाळण्याचे माझे काम दोन ओळींत दडून गेले आहे. ते वर आणून गुरुवारपर्यंत ताईकडे पाठवायचे. जागा कंत्राटी निघाली तर तेही नाही.