वॉशर जागचा हलला नव्हता

पार्सलमध्ये मीच क्रोशाने विणलेला ससा होता आणि एका डबीत त्याचा प्लॅस्टिकचा डावा डोळा. मागचा वॉशर दांड्यावर तसाच घट्ट. पक्कडीने ओढून पाहिला, तरी हलला नाही. म्हणजे सेफ्टी आयने, या मागून वॉशर ठोकून बसवायच्या डोळ्याने, आपलं काम चोख केलं होतं. दगा दिला तो माझ्या विणीने.

"ताई, तो दिवसभर तिथंच चावतो," बाळाची आई फोनवर म्हणाली. "डोळा पाळण्यात सापडला म्हणून बरं." बाळ दहा महिन्यांचं. ऑर्डर घेताना मी रंग विचारला, वय विचारलं नाही.

उजवा डोळा चिमटीत धरून तिरका दाबला, तर टाक्यांमधून वॉशरची कड डोकावली. झटपट व्हावं म्हणून साडेतीन मिमीची क्रोशाची सुई घेतली होती, त्याच सुताला अडीचची हवी होती. त्यात लाळेने भिजून, चावून मुक्या खांबांचे टाके आणखी सैलावले. डोळ्याला सामान मोजायचा हुकाचा काटा अडकवून ओढलं. चार किलोच्या आतच डोळा वॉशरसकट बाहेर! युरोपातल्या EN 71-1 या खेळण्यांच्या मानकात 6 मिमीपेक्षा मोठ्या भागाला 90 न्यूटन, म्हणजे साधारण नऊ किलोचा ताण 10 सेकंद देतात. घरचा काटा म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, पण इतकी तफावत कळायला तो पुरे. आजवर मी नुसतं बोटांनी ओढून 'पक्का आहे' म्हणत आले. पाकिटावर 'सेफ्टी' छापलेलं असलं की आपण विचार करायचं सोडतो.

दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अडीचच्या सुईने नवं डोकं विणलं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी प्लॅस्टिकचा डोळा नकोच, म्हणून भरतकाम. आधी कापूस तात्पुरता भरून टाचण्यांनी जागा ठरवली, खुणेचा दोरा घातला, मग टाचण्या मोजून काढल्या आणि कापूसही. डोकं रिकामं असलं की आतून गाठ मारता येते, दोरा दोन-तीन टाक्यांतून फिरवून अडकवता येतो. भरलेल्या डोक्यावर हे जमत नाही, गाठ नुसती कापसात तरंगते. भरताना सुई टाक्यांमधल्या भोकातून नाही, सुताच्या पिळातून काढायची. भोकातून काढली तर टाका आत बुडतो आणि डोळा रुसल्यासारखा दिसतो. साटन टाके आखूड आणि लागून लागून घेतले, कारण लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं. काळा दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिला. पहिल्याने रंग सोडला, तो बाद. नाकाला गाठीचा टाका शोभला असता, पण बाळ दातांनी तोच उचकटत बसेल, म्हणून तिथंही आडवे टाकेच.

ससा गेला. "डोळ्यांत पहिली चमक नाही राहिली," आई म्हणाली. नाहीच राहिली.

वहीत त्याच साडेतीनच्या सुईचे आणखी सात ससे निघाले. पाच जणांचे फोन लागले.