यादीतलंच लेबल येतं, तरी चुकतं: ग्रामर लावण्याचा माझा अनुभव

इंदूरच्या लोकमान्यनगर भागातल्या रहिवाशांच्या तक्रारी सहा खात्यांत वाटायच्या होत्या: पाणीपुरवठा, पाणीपट्टी, ड्रेनेज, कचरा, दिवे आणि इतर. मॉडेल आपल्याच संगणकावर llama.cpp मधून चालवायचं आणि त्यानं या सहांच्या बाहेर एक अक्षरही लिहायचं नाही, एवढीच मागणी. मॉडेल उतरवणं, सर्व्हर चालू करणं यात सांगण्यासारखं काही नाही.

पहिला मोह टोकनांची, म्हणजे मॉडेल ज्या तुकड्यांत लिहितं त्यांची, शक्यता वर-खाली करणाऱ्या `logit_bias` चा होतो. सहाही नावांचे टोकन गोळा करायचे आणि बाकीच्यांवर बंदी घालायची. हे करू नका. ही बंदी जागा ओळखत नाही. कुठलाही परवानगीचा टोकन कुठेही चालतो, म्हणून दोन नावांचे तुकडे जोडून तिसरंच नाव तयार होतं. शिवाय थांबण्याचा टोकन यादीत घालायचा राहिला, तर उत्तर संपतच नाही. ग्रामर, म्हणजे उत्तराचा साचा ठरवणारा नियम, मात्र प्रत्येक पायरीला पाहतं की आतापर्यंत काय लिहून झालंय आणि पुढे काय चालेल.

```
root ::= "पाणीपुरवठा" | "पाणीपट्टी" | "ड्रेनेज" | "कचरा" | "दिवे" | "इतर"
```

हे लावलं की एकही उत्तर यादीबाहेर जात नाही, आणि खरा त्रास इथूनच सुरू होतो. उत्तर नेहमी नीटनेटकं दिसतं, त्यामुळे चूक डोळ्यांत भरत नाही. माझे सर्वांत जास्त दिवस इथेच गेले, आणि त्याचा राग अजून आहे, कारण ग्रामरची माहिती देणाऱ्या बहुतेक लिखाणात हा मुद्दा येतच नाही.

तक्रार अशी होती: ‘टाकीजवळचा कचरा तीन दिवस उचललेला नाही, त्याचं पाणी दारापर्यंत येतंय.’ उत्तर आलं पाणीपुरवठा. तापमान शून्य, म्हणजे प्रत्येक पायरीला सर्वांत वजनदार टोकन. पूर्ण नावांची संभाव्यता काढली तर साधारण असा हिशेब दिसतो: कचरा 0.41, पाणीपुरवठा 0.26, पाणीपट्टी 0.20, बाकी तीन मिळून 0.13. मग कचरा का नाही आलं? कारण मॉडेल नाव अख्खं निवडत नाही, तुकड्या-तुकड्यानं लिहितं. ‘पाणी’ हा पहिला तुकडा दोन नावांत सामाईक आहे, म्हणून त्या तुकड्यावर दोघांचं वजन एकत्र पडतं: 0.26 + 0.20 = 0.46. ते 0.41 ला मागे टाकतं. एकदा ‘पाणी’ लिहिलं की कचऱ्याकडे परतायला वाट उरत नाही. ग्रामर फक्त दोन पाण्यांतून एक निवडू देतं. तुमची नावं कुठे फुटतात ते `llama-tokenize` नं पाहा. देवनागरी शब्दाचे बहुधा अनेक तुकडे होतात.

उपाय साधा आहे. प्रॉम्प्टमध्ये प्रत्येक खात्याला एक अक्षर द्यायचं, A म्हणजे पाणीपुरवठा, B म्हणजे पाणीपट्टी असं F पर्यंत, आणि मॉडेलकडून फक्त ते अक्षर घ्यायचं.

```
root ::= [A-F]
```

आता निवड एकाच टोकनात होते, सामाईक सुरुवात राहत नाही. प्रत्येक नावाची पूर्ण संभाव्यता मोजणं हाही मार्ग आहे, पण त्यात तक्रारीगणिक सहा वेळा मोजणी करावी लागते आणि लांब नावं उगीच मागे पडतात.

एवढ्यानं भागत नाही. ग्रामर नको असलेले टोकन बाजूला काढून उरलेल्यांतून निवडतं, उरलेले कितीही कमजोर असले तरी. म्हणून `n_probs` 20 ठेवा, म्हणजे वरच्या वीस टोकनांच्या संभाव्यता दिसतील, आणि ग्रामर न लावता पहिल्या टोकनची यादी पाहा. A ते F यांची बेरीज 0.9 च्या वर असेल तर मॉडेलला प्रश्न समजला आहे. ती 0.05 असेल तर मॉडेलला ‘ही तक्रार…’ असं वाक्य सुरू करायचं होतं आणि आपण त्याच्या तोंडात अक्षर कोंबलं. तसं आलेलं अक्षर भरवशाचं नाही. मग ग्रामर नाही, प्रॉम्प्ट सुधारा: ‘फक्त एक अक्षर लिहा’ हे वाक्य शेवटी आणा, दोन-तीन सोडवलेली उदाहरणं द्या.

बेरीज कमी येण्याचं एक फसवं कारण राहिलंच. प्रॉम्प्ट ‘उत्तर:’ वर संपत असेल तर मॉडेलला मोकळ्या जागेसकटचा A हवा असतो, आणि तो वेगळा टोकन आहे. यादीत तो वर दिसला तर ग्रामरमध्ये `" "?` आधी जोडा, म्हणजे `root ::= " "? [A-F]`, आणि मोजताना दोन्ही A मिळवा.

खात्यांचं वर्णन इथल्या बोलीत लिहा. ‘नर्मदा दोन दिवस आली नाही’ याचा अर्थ नळ कोरडा आहे, हे इंदूरबाहेर शिकलेल्या मॉडेलला सांगावंच लागतं. ते वर्णनात घातल्यावर अशा तक्रारी इतरमधून पाणीपुरवठ्यात आल्या. ‘इतर’ मात्र काढू नका. ते नसेल तर भटक्या कुत्र्यांची तक्रारसुद्धा कुठल्यातरी खात्यात बसवली जाते.

अक्षरांचा क्रम उलटवूनही एकदा चालवा. क्रम बदलल्यावर ज्या तक्रारींचं खातं बदलतं, त्या मी हातानं वाचतो. सर्वांत वजनदार दोन अक्षरांच्या संभाव्यतेतलं अंतर 0.15 पेक्षा कमी असेल तर त्याही त्याच गठ्ठ्यात टाकतो.