एअर फ्रायरमध्ये एक किलो आलू : माझा अनुभव

एअर फ्रायरसोबत आलेल्या पुस्तिकेवर माझा राग अजून गेलेला नाही. त्यात लिहिलं होतं : आलूच्या फोडी, १८० डिग्री, १८ मिनिटे. फोडी किती घ्यायच्या, याचा कुठेच पत्ता नाही. घरात आम्ही सहा माणसं, म्हणून मी एक किलो आलू चिरून टोपली गच्च भरली. १८ मिनिटांनी वरच्या फोडी तांबूस झाल्या होत्या आणि खालच्या ओल्या, लिबलिबीत, जशा टाकल्या तशाच. आणखी दहा मिनिटं लावली, तर वरच्या करपायला लागल्या आणि मधल्या वाफाळतच राहिल्या.

पहिल्यांदा वाटलं, प्रीहीट केलं नाही म्हणून झालं. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं रिकामं तापवून तेवढेच आलू टाकले. निकाल तोच.

कारण साधं आहे. आलूत पाऊण भागापेक्षा जास्त पाणी असतं. फोड कुरकुरीत व्हायची तर तिच्या अंगावरचं पाणी उडालं पाहिजे, आणि ते उडवते ती फोडीभोवती फिरणारी गरम हवा. फोडींचा ढीग झाला की हवा आत शिरत नाही, मधल्या फोडी एकमेकींच्या वाफेतच शिजतात. शिवाय आलू दुप्पट म्हणजे उडवायचं पाणीही दुप्पट, आणि कॉइल मात्र तेवढीच. रिकामं असताना तापवून ठेवलेली हवा एक किलो गार आलू पडताच गार होते, म्हणून तिथे प्रीहीटचा उपयोग दिसत नाही.

मग वजन करून पाहिलं. बोटाएवढ्या जाड फोडी, पाण्यात वीस मिनिटं ठेवून फडक्याने कोरड्या केलेल्या, एक चमचा तेल, १८० डिग्री. पाव किलोला १५ मिनिटं लागली. अर्ध्या किलोला २१, तेही मधे दोनदा हलवून. एक किलोला ३५ मिनिटं लावूनही सारखं भाजलं नाही. तेच एक किलो दोन घाण्यांत केलं तर पहिल्याला २१ आणि दुसऱ्याला १८ मिनिटं लागली, कारण तोवर यंत्र तापलेलं होतं. म्हणजे चारच मिनिटं जास्त, आणि फोडी कुरकुरीत. शेवटी दोन्ही घाणे एकत्र करून दोन मिनिटं फिरवले की सगळं गरम वाढता येतं.

टोपली हलवताना आवाज ऐका. ओल्या फोडी थपथप पडतात, झाल्या की खडखडतात. घड्याळापेक्षा माझा भरवसा या आवाजावर जास्त आहे.

विकत घेताना लिटर पाहू नका, टोपलीचा तळ पट्टीने मोजा. माझी चार लिटरची, तळ २० बाय २० सेंटीमीटर. जाऊबाईंची सहा लिटरची, तळ २५ बाय २५. म्हणजे पसरायला दीडपटीहून जास्त जागा. अर्धा किलो आलू तिथे जवळपास एकाच थरात बसतात आणि १७ मिनिटांत होतात. नुसती खोल टोपली असेल तर वाढलेले लिटर फोडींच्या कामाचे नाहीत.

प्रीहीट बिनकामाचं आहे असं नाही. जे पदार्थ आठ-दहा मिनिटांतच होतात, त्यांना ते लागतं. सकाळची सांबारवडी संध्याकाळी गरम करायची तर तीन मिनिटं रिकामं तापवून, मग १८० वर चार मिनिटं. थंड यंत्रात ठेवली तर कडक व्हायच्या आधी सारणाची वाफ पारीत मुरते आणि ती चिवट होते. वीस मिनिटांच्या आलूला मात्र प्रीहीट नसेल तर दोन-तीन मिनिटं वाढवा, तेवढंच पुरतं.

पापड भाजायचा तर त्यावर स्टीलची जाळी ठेवा. हलका पापड पंख्याच्या हवेने उडून वरच्या कॉइलला चिकटतो आणि जळतो. भज्यांचं पातळ बेसन टाकूच नका, ते छिद्रांतून खाली गळतं.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तिकेत असायलाच हवी होती. आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. १४०० वॅटची कॉइल २३० व्होल्टवर १४०० देते, पण १८० व्होल्टवर साधारण ८६० वॅटच. व्होल्टेज पाऊण झालं की उष्णता निम्म्याच्या जरा वर राहते. पाव किलोचे १५ मिनिटांचे आलू अशा वेळी २२ मिनिटं घेतात, प्रीहीटलाही तीनऐवजी पाच-सहा मिनिटं लागतात. दिवा पिवळट दिसला की टोपलीत कमी भरा, किंवा ते काम दुपारी उरकून घ्या. बारीक वायरच्या एक्सटेन्शनवर लावू नका, तिथे व्होल्टेज आणखी पडतं आणि वायर तापते. मोठ्या पिनच्या सॉकेटमध्ये थेट लावा.