आई-नानांच्या लग्नाचा 40वा वाढदिवस आणि नातेवाईकांचे व्हिडिओ : माझा अनुभव

लग्नाची तारीख 12 मे. म्हणजे ऐन उन्हाळा, आणि नातेवाईक कुठे कुठे तर चोपडा, पारोळा, शिरपूर, अर्धे सुरतला उधन्यात आणि पोरंसोरं पुण्यात. सगळ्यांना एका ठिकाणी आणणं शक्यच नव्हतं, म्हणून ठरवलं की प्रत्येकाकडून अर्ध्या मिनिटाचा शुभेच्छा व्हिडिओ घ्यायचा आणि जोडून टीव्हीवर लावायचा. वेगळा ग्रुप काढला, नाव ठेवलं ‘वीजबिल’, कारण आई कोणाच्या फोनमधे डोकावली तरी तिला ते उघडून बघायची इच्छाच होऊ नये.

ग्रुपवर सूचना टाकताना लांबलचक निबंध नाही लिहिला, कोणी वाचत नाही. एवढंच लिहिलं: ‘फोन आडवा धरा. खिडकीकडे तोंड करून बसा, खिडकी पाठीमागे नको. पंखा आणि कूलर तेवढ्यापुरता बंद करा. बटण दाबल्यावर दोन आकडे मनात मोजा, मग बोला, शेवटी पण दोन सेकंद गप्प बसा. फक्त एक आठवण सांगा आणि शुभेच्छा द्या.’ ते दोन सेकंद एडिटिंगला फार कामाचे, नाहीतर लोक बटण दाबतानाच बोलायला लागतात आणि पहिला शब्द निम्मा कापला जातो. आणि ‘एक आठवण’ नसतं लिहिलं तर सगळ्यांनी ‘तुम्हाला उदंड आयुष्य लाभो’ एवढंच म्हटलं असतं, तेच तेच किती वेळ ऐकणार.

कूलरचं मात्र खरंच मनावर घ्या. एप्रिलमधे आपल्याकडे दुपारी कूलर बंद करा म्हणणं म्हणजे भांडणच, म्हणून सकाळी आठ-नऊच्या आत रेकॉर्ड करा असं नंतर सांगितलं. एका काकांचा व्हिडिओ दिसायला झकास आला, पण कूलरची घरघर एवढी की आवाज कमी केला तर काकाच गायब होतात. ते एडिटिंगमधे नीट निघत नाही, परत रेकॉर्ड करायला लावणं हाच उपाय.

दुसरी गोष्ट पाठवण्याची. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, मोबाईलवर बरा दिसतो पण मोठ्या टीव्हीवर चेहऱ्यावर चौकोन दिसायला लागतात. म्हणून पिन दाबून ‘डॉक्युमेंट’ मधून पाठवायला सांगायचं, म्हणजे ओरिजनल फाईल येते. ओळखायचं कसं, तर फाईलचं नाव बघा. `VID-20250427-WA0004.mp4` असं नावात WA असलं तर समजा फाईल व्हॉट्सॲपमधून फिरून आलेली आहे, साईज पण तीन-चार एमबी असते. कॅमेऱ्यातली अर्ध्या मिनिटाची फुल एचडी फाईल साधारण तीस एमबीच्या वरच असते. चोपड्याच्या आत्याचा व्हिडिओ असाच तीन फोन फिरून आला होता, मग ज्या भाच्याने काढला त्यालाच फोन करून सांगितलं की भाऊ, तुझ्या गॅलरीतलीच फाईल डॉक्युमेंटमधून टाक, पुढून आलेली नको. आली लगेच. आत्या त्यात आधी ‘माले नही येस बोलता’ म्हणून तोंडाला पदर लावते आणि मग नानांनी तिला सायकलवर डबलसीट नेऊन शेतात पाडल्याचं सांगते, ते पाडल्याचं तर नानांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

डेडलाईन. एडिटिंगला निदान आठ दिवस लागणार हे धरून मी ‘30 एप्रिल’ लिहिलं, पोरापोरींना ते पटलं, पण मोठ्या माणसांना तारीख लक्षातच राहत नाही. ‘आखाजीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत’ म्हटल्यावर काम झालं, कारण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सगळ्या आत्या-मावश्या एकाच घरी सापडतात, आणि घरात एखादं तरी फोन चालवणारं पोरगं असतंच. मग प्रत्येकीला वेगळा मेसेज न करता त्या पोरालाच पकडायचं, सकाळच्या उजेडात ओसरीवर सगळ्यांचे एकामागून एक काढून घे म्हणून. निम्म्याच्या वर व्हिडिओ असेच आले. ग्रुपवर ‘कोणाचे राहिले’ विचारून काही होत नाही, ज्याचं राहिलं त्याच्या घरच्या पोराला फोन केला तरच हलतं.

सांगूनही उभे आलेले व्हिडिओ फेकले नाहीत, मागे तोच व्हिडिओ पुसट मोठा करून लावला की काळ्या पट्ट्या दिसत नाहीत. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा असतो तो सारखा करून घ्या, नाहीतर मधेच मामा ओरडतात आणि मावशी कुजबुजते. शेवटी 1080p एमपी4 करून पेनड्राईव्हवर घेतलं आणि आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर लावून बघितलं.

एका मामांचा व्हिडिओ 12 तारखेला दुपारी आला, उभा, कूलरसकट. तो तसाच फोनवरून नानांना दाखवला, मामा खुश.