अठराचे साडेअकरा

«काका, अठरा हजारांचं बोलणं झालं होतं. खात्यात आले अकरा हजार पाचशे नऊ. स्लिपचा फोटो टाकलाय, बघा ना बाकीचे कुठं गेले?»

जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मी बावीस वर्षं हजेरी आणि पगारपत्रकाचं काम केलं. निवृत्त झालो तरी महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या दरम्यान फोन गरम असतोच. पारोळ्याचा, चोपड्याचा, धरणगावचा कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी नुकतीच कामाला लागलेली असते आणि पहिल्या पगाराला हाच प्रश्न येतो, आकडे तेवढे वेगळे. हा प्रश्न 2025 च्या ऑगस्टमधला. पारोळ्याकडचा मुलगा, स्लिप जुलैची. त्याची परवानगी घेऊन तीच उलगडतो, म्हणजे पुढच्या वेळी मला सगळं टाइप करावं लागणार नाही.

आधी फोटोचं बोलू. रात्री खोलीवर, पिवळ्या दिव्याखाली, चार घड्या पडलेला कागद एका हातात धरून दुसऱ्या हाताने काढलेला फोटो. घडी बरोबर पीएफच्या ओळीवर, अंगठा खालच्या कोपऱ्यावर आणि वरचा पाव भाग फोटोत नाहीच. मुलांना वाटतं, महत्त्वाचं ते खाली, जिथे पैशाचे आकडे आहेत. वरच्या भागात नाव, खाते क्रमांक असलं काहीतरी असतं. पण त्याच वरच्या भागात दिवस लिहिलेले असतात आणि मी स्लिप तिथूनच वाचायला लागतो. त्याला म्हटलं, दिवसा खिडकीपाशी कागद जमिनीवर सपाट ठेव, वरून सरळ फोटो काढ, चारही कोपरे दिसले पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर आकडे फुटतात. आणि खाते क्रमांक, पॅन, पीएफचा यूएएन नंबर यांच्यावर कागदाची चिटोरी ठेव. ते मला नकोत आणि गावच्या ग्रुपवर तर मुळीच नकोत.

दुसरा फोटो आला. वर लिहिलं होतं: महिन्याचे दिवस 31, पगारी दिवस 25. त्याच्या साडेसहा हजारांतले निम्म्याहून जास्त त्या एका ओळीत होते.

तो सोमवारी, 7 जुलैला रुजू झाला. पहिले सहा दिवस तो नोकरीवर नव्हताच. त्याच्या स्लिपवर कमाईच्या बाजूला दोन रकाने होते. पहिला दराचा, म्हणजे पूर्ण महिना भरला तर किती: बेसिक 13,000, घरभाडं 2,600, इतर भत्ता 2,400, एकूण 18,000. दुसरा रकाना प्रत्यक्ष मिळालेल्याचा. बेसिकला 31 ने भागून 25 ने गुणलं की 10,484. तसंच घरभाडं 2,097 आणि इतर भत्ता 1,935. बेरीज 14,516. ग्रॉस हा. याने पहिल्या रकान्यातला अठरा हजार पाहिला, त्यातून उजवीकडची कपात वजा करून बघितली आणि ताळा लागेना म्हणून घाबरला. दोन रकाने असले की वजाबाकी दुसऱ्यातून करायची. 18,000 आणि 14,516 यांतले 3,484 कुणी कापलेले नाहीत. कपातीच्या बाजूला ते कितीही शोधले तरी सापडणार नाहीत.

इथे एक फाटा आहे. काही कारखाने महिना 26 दिवसांचा धरतात, रविवार सोडून. अठरा हजाराला 31 ने भागलं तर दिवस साधारण 581 रुपयांचा पडतो, 26 ने भागलं तर 692 चा. दुसऱ्या पद्धतीत एक खाडा जास्त महाग वाटतो. पण तिथे रविवार हिशेबात धरलेलाच नसतो, त्यामुळे ती फसवणूक नव्हे. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे तेवढं विचारून घ्यायचं.

आता उजवी बाजू. पीएफच्या ओळीवर घडीची रेघ आडवी गेलेली. आकडा 1,250 वाटावा, 1,258 वाटावा, नाहीतर 1,268. तिसरा फोटो मागवायची गरज नव्हती. त्याच्या स्लिपवर डीए, म्हणजे महागाई भत्ता, वेगळा नव्हता, म्हणून मिळालेल्या बेसिकचे 12 टक्के काढले. 10,484 चे होतात 1,258. डीए वेगळा दाखवलेला असेल तर तो बेसिकमध्ये मिळवून मग बारा टक्के काढायचे. ईएसआयसीचा, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आकडा स्पष्ट होता, 109. ग्रॉसचा पाऊण टक्का म्हणजे 108 रुपये 87 पैसे, आणि इथे पैसे नेहमी वरच्या रुपयावर नेतात. ग्रॉस एकवीस हजारापर्यंत असेल तर ही ओळ दिसते. खाली प्रोफेशनल टॅक्स 200, कँटीन 440, अ‍ॅडव्हान्स 1,000.

एकूण कपातीचा आकडा त्याने 3,807 असा वाचला होता. मधलं शून्य पोटात दुमडून आठ झालेलं. «ओळींची बेरीज तर तीन हजार सातच येते, वरचे आठशे कुणी खाल्ले?» असा त्याचा दुसरा मेसेज. 14,516 मधून 3,807 गेले तर 10,709 उरतात, आणि बँकेत तर 11,509 आलेत. म्हणजे ते 3,007 च. शिवाय बहुतेक स्लिपांवर सगळ्यात खाली निव्वळ पगार अक्षरी लिहिलेला असतो, तिथे «अकरा हजार पाचशे नऊ फक्त» असं होतं. फोटोत आकड्यांचा घोळ होतो, अक्षरांचा सहसा होत नाही.

अ‍ॅडव्हान्सवर तो अडला. «मी कुठं घेतला?» मी विचारलं, खोलीचं डिपॉझिट कुठून भरलंस? मिनिटभर काही नाही. मग हसण्याचं चिन्ह. सुपरवायझरने 20 तारखेला ऑफिसातून हजार रुपये मिळवून दिले होते आणि याने व्हाउचरवर सही केली होती. कँटीनचं मी मोजून पाहिलं: 7 ते 31 जुलैमध्ये तीन रविवार, म्हणजे कामाचे दिवस 22, वीस रुपये ताटाप्रमाणे 440. बरोबर.

प्रोफेशनल टॅक्सच्या ओळीवर थोडं थांबतो, कारण तिथे चूक होताना मी स्वतः पाहिली आहे. महाराष्ट्रात पुरुषांना महिन्याचा पगार साडेसात हजारापर्यंत असेल तर हा कर नाही, पुढे दहा हजारापर्यंत 175, त्यावर 200. फेब्रुवारीत 300 कापतात, कारण वर्षाचे 2,500 भरावे लागतात. दर फेब्रुवारीला «या महिन्यात शंभर जास्त का» असा फोन ठरलेला. बायकांना मात्र एप्रिल 2023 पासून पंचवीस हजारापर्यंत हा करच नाही. त्याआधी ती मर्यादा दहा हजारांची होती. आमच्याच ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये जुना आकडा तसाच राहिला आणि पॅकिंगमधल्या सगळ्या मुलींचे दोन महिने दोनशे-दोनशे कापले गेले. पगारपत्रकावर सही माझी. अमळनेरहून रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्या एका मुलीने स्लिप टेबलावर ठेवून बोट लावलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुढच्या पगारात सगळ्यांचे परत केले. तेव्हा मुलींनो, ग्रॉस पंचवीस हजाराच्या आत असून ही ओळ दिसली, तर स्लिप घेऊन सरळ ऑफिसात जा. भांडायला नको, बोट लावलं की पुरतं.

तर याच्या 3,007 पैकी 1,258 त्याचेच आहेत, पीएफच्या खात्यात. तेवढेच कंपनीनेही घालायचे असतात. ते कपातीत दिसत नाहीत, दिसायलाही नकोत. कंपनीच्या 1,258 मधले 873 पेन्शनच्या हिशेबात जातात आणि 385 पीएफमध्ये. कपात दाखवली म्हणजे पैसे भरले असं मात्र नव्हे. जुलैची रक्कम 15 ऑगस्टपर्यंत भरायची असते. म्हणून त्याला सांगितलं, महिनाअखेरीस नोंदवलेल्या मोबाइलवरून 7738299899 या क्रमांकावर हा मेसेज टाक:

```
EPFOHO UAN MAR
```

शेवटची तीन अक्षरं मराठीत उत्तर हवं म्हणून. यूएएनला आधार, पॅन किंवा बँक खातं जोडलेलं असेल तर शेवटचा भरणा आणि शिल्लक मेसेजने येते. नाहीतर उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून बघायचं. कपात झाली आणि पासबुकात नोंद नाही, असं दोन महिने ओळीने दिसलं, तर आधी ऑफिसात लेखी विचारावं आणि तिथे टोलवाटोलवी झाली तर पीएफच्या तक्रारीच्या पोर्टलवर दोन्ही स्लिपा जोडाव्यात. म्हणूनच फोटो नीट काढून ठेवायचा.

«बोलणं झालं होतं» या शब्दांचंही एक आहे. याच्या नेमणूकपत्रात अठरा हजार ग्रॉस असं स्वच्छ लिहिलं होतं, म्हणून आमचं काम सोपं झालं. पुष्कळ ठिकाणी मुलाखतीत सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च सांगतात. त्यात कंपनीचा पीएफ आणि ईएसआयसीचा वाटाही धरलेला असतो. याच अठरा हजारांवर तो वाटा 1,560 आणि 585 पडतो, म्हणजे नुसते हे दोन मिळवले तरी कंपनी त्याला «वीस हजार एकशे पंचेचाळीस» म्हणू शकली असती. तो आकडा हातात कधीच येत नाही. पत्रावर कोणता शब्द आहे ते बघा, तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

त्याला मी ऑगस्टचा अंदाज काढून दिला होता: पूर्ण महिना भरला, कँटीनचे 25 दिवस, तर हातात 15,605. सप्टेंबरच्या आठ तारखेला फोटो आला. सपाट, चारही कोपरे दिसणारा, खाते क्रमांकावर बसच्या तिकिटाचा तुकडा ठेवलेला. निव्वळ 15,099. खाली अहिराणीत: «काका, पोळाले घर गयथू, एक दिन कापा. बराबर शे.» आणि लगेच दुसरा: कमाईत 580 कमी, ताट एक कमी, पीएफ पन्नासने कमी, ईएसआयसी चारने. मी कॅल्क्युलेटर काढून पाहिलं. जमत होतं.